घर सोडणे आणि जागा रिक्त करणे

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला होता. शाळा सुटल्यावर मी गोखले रोडवरून आमच्या गल्लीत वळलो, तो शेजारच्या इमारतीच्या दारात दहा-बारा माणसे माना वर करून उभी दिसली. विजेच्या मीटरांच्या फळीशेजारी एक कागद चिकटवलेला होता. खळ अजून ओली होती आणि कागदाचा एक कोपरा भिंतीच्या ओलीने आपणहून सुटत होता. एक कॉलेजातला मुलगा तो मोठ्याने वाचून दाखवीत होता आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी कोणीतरी विचारीत होते, "म्हणजे काय?"

नौपाड्यात आता असल्या इमारती थोड्या राहिल्या आहेत. दोन मजले, पुढे लाकडी कठड्याची गॅलरी, एका ओळीत खोल्या, मागे सामाईक मोरी, आणि भाडेकरू बहुतेक पागडीचे. आजूबाजूला टोलेजंग सोसायट्या उभ्या राहिल्या तरी ही इमारत आपली खोकला दाबीत बसलेल्या म्हाताऱ्यासारखी तशीच होती. तिच्याकडे एक दिवस कागद येणार हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. तो कोणत्या भाषेत येईल याचा मात्र कोणी विचार केला नव्हता.

कागदावरचा मजकूर मी नंतर उतरवून घेतला. तो असा होता: "याद्वारे आपणांस कळविण्यात येते की, सदर इमारतीचे संरचनात्मक परीक्षण करण्यात आले असून, सदर इमारत 'सी-१' या प्रवर्गात वर्गीकृत करण्यात आलेली आहे. सबब, महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ अन्वये सदर इमारत त्वरित रिक्त करण्यात यावी. तत्पूर्वी भोगवटादारांच्या ताब्यातील चटई क्षेत्राची मोजणी करून नोंद घेण्यात येईल. कसूर केल्यास उद्भवणाऱ्या जीवित व वित्तहानीस आपण सर्वस्वी जबाबदार राहाल."

दुसऱ्या मजल्यावरच्या माई जिना उतरून खाली आल्या होत्या. वय ऐंशीच्या घरातले. मला पाहताच त्या म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही मराठीचे ना? मग हे मराठीत सांगा बरं."

लोक हसले. मीही हसलो. मास्तराला चारचौघांत असा मान मिळाला की त्याची छाती जरा फुगतेच. माझे शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेलेले नाही. दोन-चार कादंबऱ्या लिहिल्या, त्यांच्या जोरावर गल्लीत 'भाषेतला माणूस' म्हणून माझी पत आहे. मी कागदावर एकवार नजर फिरवली आणि त्या पाच ओळींचे मराठी एका वाक्यात केले: "माई, इमारत पडायला आलीय. घर सोडावं लागणार."

माई जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसल्या. तळमजल्यावरचे एक गृहस्थ, जन्मभर छापखान्यात खिळे जुळवून निवृत्त झालेले, ते माझ्या शेजारीच उभे होते. त्यांनी मान हलवली आणि स्वतःशीच माझे वाक्य पुन्हा म्हटले. "घर सोडावं लागणार."

माझ्या त्या वाक्याबद्दल मला लिहायचे आहे. ते सोपे होते, खरे वाटत होते आणि चूक होते.

त्याच संध्याकाळी मालकाचा माणूस आला. तो मोठा गोडबोल्या. त्याची मराठी अगदी घरातली. प्रत्येकाच्या ओट्यावर बसला, चहा घेतला, आणि म्हणाला, "आता काय, घर तर सोडायचंच आहे. मास्तरांनीही वाचून सांगितलं ना? मग उगाच हेलपाटे कशाला? सामान हलवायला शेठ थोडी रक्कम देताहेत. इथं एक सही करा." त्या कागदावर मात्र घरातली मराठी नव्हती. त्यावर लिहिले होते की खाली सही करणारा आपल्या राजीखुशीने खोलीचा ताबा मालकास देत असून भाडेकरू या नात्याने असलेले सर्व हक्क सोडून देत आहे.

माईंचा चष्मा त्या दिवशी काडी बसवायला दुकानात होता. म्हणून त्या म्हणाल्या, "उद्या करते." तळमजल्यावरच्या गृहस्थांना चष्म्याविनाही दिसत होते. जन्मभर दुसऱ्यांचा मजकूर जुळवला त्या माणसाने, पण स्वतःच्या कागदाचे मुद्रितशोधन केले नाही. त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी माईंचा भाचा तो कागद घेऊन माझ्याकडे आला. मी नोटीस आणि तो कागद टेबलावर शेजारीशेजारी ठेवले, तेव्हा कुठे मला दिसले की नोटिशीत 'घर सोडणे' हे शब्द नव्हतेच. तिथे 'रिक्त करणे' होते. 'सोडणे' होते ते दुसऱ्या कागदात, आणि तिसरे होते ते माझ्या तोंडात.

'सोडणे' या क्रियापदाचा पसारा पाहा. आपण सकाळी सहाला घर सोडतो आणि रात्री आठला परत येतो. मुले शाळा सोडतात ती कायमची. चतुर्थीचा उपास सोडतो म्हणजे जेवतो. नगरपालिका पाणी सोडते म्हणजे देते, आणि आपण एखाद्या आशेवर पाणी सोडतो म्हणजे ती गेली असे धरून चालतो. गाव सोडले म्हणणाऱ्याचे गावात घर असते, आणि नवरा सोडला म्हणणारीचे काही उरलेले नसते. बोलताना यातले काही अडत नाही. ऐकणारा समोर असतो, आवाज असतो, हातवारे असतात. कोणते 'सोडणे' ते कळते. परंतु तोच शब्द जिन्यावर उभा राहून एखाद्या कायद्याच्या जागी ठेवला, की बाहेर जाऊन झोपणे आणि हक्कावर पाणी सोडणे या दोहोंमधली भिंतच पडते. सरकारी भाषेने ती भिंत जपलेली असते. जागा रिक्त करणे वेगळे, ताबा देणे वेगळे, आणि हक्क सोडणे तर इतके वेगळे की त्याला स्वतंत्र दस्त लागतो. त्याचे नावच हक्कसोडपत्र.

कायद्यातही हे असेच आहे. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने मोडकळीस आलेल्या इमारतींच्या एका प्रकरणात मुंबईच्या महापालिकेला नियम घालून दिले. त्यांत असे आहे की इमारत रिकामी करण्याआधी कोणाकडे किती जागा आहे याची यादी करावी, आणि रिकामी केल्याने अथवा पाडल्याने मालक व भाडेकरू यांच्या आपापसांतल्या हक्कांना धक्का लागत नाही. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने, सांगलीकडच्या एका वादात, याहून पुढची गोष्ट सांगितली. इमारत जमीनदोस्त झाली तरी भाडेकरूपण संपत नाही. कारण माणूस नुसत्या भिंतींचा भाडेकरू नसतो, त्या भिंतींखालच्या जमिनीचाही असतो. म्हणजे माई घराबाहेर पडल्या असत्या, घर पडले असते, तरी त्यांचे 'घर' राहणार होते. हे सगळे नोटिशीतल्या एका कोरड्या ओळीत दडलेले होते: 'चटई क्षेत्राची मोजणी करून नोंद घेण्यात येईल.' मी सोपे करताना नेमकी तीच ओळ गाळली. ती मला अवघड वाटली नाही, बिनमहत्त्वाची वाटली.

सरकारी मराठीची थट्टा करणे हा आपला जुना छंद आहे आणि मीही त्यात मागे नाही. महाराष्ट्र राज्य १९६० साली झाले, त्याच वर्षी भाषा संचालनालय निघाले. १९६२ साली पदनाम कोश आला तेव्हा त्यातल्या संस्कृत शब्दांवर वर्तमानपत्रांनी टीकेची झोड उठवली. १९६४ साली राजभाषेचा अधिनियम झाला. कचेरीचे काम एवढ्या थोड्या काळात इंग्रजीतून मराठीत आणायचे होते. शब्दाला शब्द कोशातून मिळाला. पण वाक्याची चाल इंग्रजी कायद्याच्या मसुद्याचीच राहिली. 'याद्वारे' हा त्या चालीचा ठसा. कोणत्याही मराठी माणसाने कधी 'याद्वारे तुला जेवायला बोलावतो' असे म्हटलेले नाही.

तरी नोटिशीची भाषा एका पिढीने घडवली असेही नाही. तिच्यात थरावर थर आहेत. 'इमारत', 'सदर', 'कसूर', 'सबब' हे शब्द फारशी दप्तरातून आलेले. 'रिक्त', 'अन्वये', 'वर्गीकृत' हे संस्कृतातून. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो फारशी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द मिळावेत म्हणून. त्याला साडेतीनशे वर्षे होत आली, आणि आमच्या भिंतीवर दोन्ही पक्ष एकाच ओळीत गुण्यागोविंदाने नांदत होते. परक्या शब्दांनी लोक फारसे अडत नाहीत असा माझा अनुभव आहे. 'सबब'वर कोणी अडले नाही. अडले ते ओळखीच्या शब्दावर.

माईंनी मला विचारले, "यात भोगवटादार लिहिलंय, म्हणजे आमच्या नावावर झालं का?" मी चकित झालो. मग कळले. माईंचे माहेर कोकणातले. तिथल्या सातबाऱ्यावर त्यांच्या भावाचे नाव 'भोगवटादार' म्हणून लागलेले त्यांनी पाहिले आहे. जमीन महसुलाच्या भाषेत भोगवटादार म्हणजे जमीन धारण करणारा, ज्याच्या नावावर शेत आहे तो. शहरातल्या नोटिशीत मात्र भोगवटादार म्हणजे जो कोणी तिथे राहतो तो, मग मालक असो, भाडेकरू असो, नाही तर पोटभाडेकरू. दोन्ही सरकारीच शब्द, दोन्ही आपापल्या खात्यात बिनचूक. गावाकडून शहरात येताना त्याचा अर्थ मात्र वाटेत कुठेतरी उतरून गेला होता. माईंना मी अर्थ सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे इथं नुसतं भोगायचं."

मोजणीच्या त्या ओळीसाठी मी आणि माईंचा भाचा कचेरीत गेलो. माझा प्रश्न साधा होता. 'मोजणी करण्यात येईल', ती कोण करील आणि कधी? नोटीस पुन्हा वाचून पाहा, म्हणजे वाचकांच्याही ध्यानात येईल. परीक्षण करण्यात आले. कोणी, ते नाही. वर्गीकृत करण्यात आली. कोणी, ते नाही. रिक्त करण्यात यावी, नोंद घेण्यात येईल. सगळी कामे जणू वाऱ्याने होतात. संबंध कागदात माणूस करता म्हणून एकदाच येतो, तो शेवटच्या वाक्यात: 'आपण सर्वस्वी जबाबदार राहाल.' दोषाची वेळ आली तेव्हाच कर्त्याला बोलावणे गेले. वर्गात मी मुलांना कर्तरी आणि कर्मणी प्रयोग शिकवितो. पण प्रयोग बदलला की जबाबदारी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाते हे व्याकरणाच्या पुस्तकात नाही.

कचेरीतले कारकून माझ्याच वयाचे, सभ्य गृहस्थ होते. मी त्यांना हे बोलून दाखवले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "मास्तर, समजा मी लिहिलं, 'मी मोजीन'. आणि उद्या माझी बदली झाली. मग? कागद खोटा पडला. माणसं जातात, कचेरी राहते. म्हणून आम्ही माणूस काढून टाकतो."

मी घरून ठरवून गेलो होतो की ही भाषा म्हणजे लपण्याची जागा आहे असे ऐकवायचे. पण त्यांच्या बोलण्यात तथ्य होते. आपल्यानंतर येणाऱ्या अनोळखी माणसालाही बांधून ठेवणारे वाक्य लिहिणे हीदेखील एक प्रकारची नीतीच आहे. बोलणाऱ्याचा शब्द त्याच्याबरोबर जातो. कागदाचा शब्द मागे राहतो आणि वसूल करता येतो. मी म्हणालो, "मग माणसाचं नको, हुद्द्याचं नाव लिहा. 'कनिष्ठ अभियंता मोजील.' बदली झाली तरी हुद्दा तिथंच राहतो." ते जरा थांबले, हसले, आणि म्हणाले, "लिहिता येईल. पण मग तुमच्यासारखे लोक त्याच्या टेबलापाशी येऊन उभे राहतील." हे त्यांनी प्रांजळपणे सांगितले म्हणून मला ते गृहस्थ आवडले.

गुरुवारी कनिष्ठ अभियंता आला. तरुण पोरगा, हातात टेप, पायात पावसाळी बूट. माईंची खोली दहा फूट बाय बारा फूट. एकशेवीस चौरस फूट. कागदावर त्याने ११.१५ चौरस मीटर लिहिले. 'चटई क्षेत्र' म्हणजे भिंतीच्या आतल्या अंगापासून समोरच्या भिंतीच्या आतल्या अंगापर्यंत, जेवढ्यावर चटई अंथरता येईल तेवढे, हे त्याने माईंना समजावून सांगितले. माई म्हणाल्या, "चटई माझी एकच आहे, आणि ती सहा फुटी." माळा त्याने धरला नाही. माईंना ते पटले नाही, कारण त्यांच्या संसाराचा निम्मा भाग माळ्यावर होता. पण उंबऱ्याच्या आत, कोपऱ्यात, त्यांनी बांधून घेतलेली लहानशी मोरी त्याने मोजली, कारण ती भिंतीच्या आत होती. मी शेजारी उभा राहून पाहत होतो. त्या टेपच्या दोन टोकांमध्ये माईंचे जे होते ते माझ्या सोप्या मराठीत आले नव्हते. सरकारी मराठीत आले होते, फक्त तिथवर पोचायला दोन फेऱ्या आणि एक भाचा लागला. भाचा नसलेल्यांनी काय करायचे?

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर मी त्या कारकुनाचा वकील झालो असे होईल.

नौपाड्यातल्या माणसाला ४ ऑगस्ट २०१५ ची रात्र सांगावी लागत नाही. बी-केबिनजवळची 'कृष्णा निवास' ही इमारत पहाटे दोनच्या सुमारास कोसळली आणि बारा माणसे गेली. त्याआधी आठवडाभर, २८ जुलैला, ठाकुर्लीतली 'मातृकृपा' पडली होती. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात शासनाने धोकादायक इमारतींचे चार वर्ग ठरवून दिले. सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य, ताबडतोब रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची. सी-२बी म्हणजे आत राहूनच दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. वर्गवारी शहाणपणाची आहे. पण आमच्या दारातल्या घोळक्यात 'सी-१' ऐकून एकाने विचारले, "एक म्हणजे पहिला नंबर ना? मग बरं आहे की." शाळेत पहिला नंबर म्हणजे उत्तम असे आम्हीच त्याला शिकवले होते. परीक्षेच्या त्या क्रमात आमची इमारत पहिली आली होती, आणि ती कोणत्या परीक्षेत पहिली आली ते त्या पाच ओळींत कुठेही सांगितलेले नव्हते.

इमारत रात्री दोनला पडते तेव्हा 'वर्गीकृत' शब्द कोणाला जागे करीत नाही. तिथे हाक लागते. 'ही इमारत कधीही पडेल, आज रात्रीपासून इथे झोपू नका', एवढे म्हणायला कोणत्या कोशाची गरज आहे? मला वाटते, खरी अडचण ही की त्या एका कागदाला दोन कामे सांगितली आहेत. त्याने माणसाला सावध करायचे आहे आणि उद्या न्यायालयात उभेही राहायचे आहे. सावध करायला बोली लागते, कारण तिच्यात कोण कोणाला काय म्हणतो आहे हे लपत नाही. हक्क राखायला कागदी भाषा लागते, कारण तिच्यात काय चालले आहे हे घसरत नाही. बोलीत 'काय' निसटते आणि कागदात 'कोण' हरवतो. कारकुनाने दुसरे काम केले आणि पहिले सोडून दिले. मी पहिले केले आणि दुसरे सोडून दिले. (पाहा, इथेही तेच क्रियापद.)

दोन्ही कामे एका कागदात होतच नाहीत असे मात्र नाही. महाराजांचे चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेले पत्र पुष्कळांनी शाळेत वाचले असेल. तो सरकारी हुकूमच आहे. पण त्यात नियम नुसता येत नाही, कारण घेऊन येतो. दिवे जळत ठेवू नका असे सांगताना, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल, मग वैरण संपेल आणि घोडी उपाशी मरतील, अशी एकामागून एक पुढची पायरी दाखविलेली आहे. रयतेकडून फुकट काही उचललेत तर ती काय म्हणेल, हेही त्यात आहे. हुकूम कोणाला, का, आणि न पाळल्यास प्रत्यक्षात काय होईल, हे तिन्ही कळते. लिहिणाऱ्याला ऐकणारा डोळ्यांसमोर दिसत होता. आणि तो कागद तीनशेहून अधिक वर्षे टिकला आहे, तेव्हा सोपे लिहिले की कागद कच्चा राहतो हेही खरे नाही.

त्या आठवड्यात मी शाळेतून जुना फळा आणला आणि इमारतीच्या दारात, नोटिशीखाली टेकवून ठेवला. त्यावर खडूने लिहिले: ही इमारत कधीही पडू शकते, रात्री इथे झोपू नका. बाहेर राहायला गेल्याने तुमचा हक्क जात नाही. सामान हलवण्याआधी खोली मोजून घ्या. मोजायला कनिष्ठ अभियंता येईल. त्याची सही असलेला कागद जपून ठेवा. ज्या कागदात 'हक्क सोडले' असे लिहिले आहे त्यावर वकिलाला दाखवल्यावाचून सही करू नका.

हे लिहायला मला दोन तास लागले. नोटिशीपेक्षा लांबच झाले. कारकून इमारत पाहायला आले होते, त्यांनी ते उभे राहून वाचले. म्हणाले, "छान आहे. पण 'कधीही पडू शकते' यावर उद्या मालकाचा वकील विचारील, कधीही म्हणजे कधी? आणि शेवटचं वाक्य आम्हाला लिहिता येत नाही. मालक-भाडेकरूच्या भांडणात आम्ही पक्ष नाही." खरे होते. कचेरीने जे लिहू नये ते शेजाऱ्याने लिहावे. आणि शेजाऱ्याने मात्र आधी नोटीस नीट वाचलेली असावी.

फळा पुसायच्या वेळी मला माझ्या वर्गातला एक मुलगा आठवला. दहावीच्या सराव परीक्षेत पाण्याच्या तक्रारीचे औपचारिक पत्र लिहायचे होते. त्याने लिहिले होते: 'आमच्या गल्लीत तीन दिवस पाणी आले नाही. आजी जिन्यावरून हंडे आणते. कृपा करून पाणी सोडा.' मी त्याचे दोन गुण कापले होते. लाल शाईने शेजारी लिहिले होते: 'पाणीपुरवठा खंडित झाला असून तो पूर्ववत करण्यात यावा, असे हवे.' कोण, कुठे, किती दिवस, कोणाला त्रास, काय करा, इतके सगळे त्याने तीन वाक्यांत सांगितले होते. आणि मी त्याला माणूस काढून टाकायला शिकवीत होतो. तो मुलगा पुढे कचेरीत लागला असेल तर त्या नोटिशीत माझाही वाटा आहे.

श्रावणाच्या आत इमारत रिकामी झाली. माई भाच्याकडे डोंबिवलीला गेल्या. ११.१५ चौरस मीटरांचा तो कागद त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फराळाच्या डब्याच्या तळाशी ठेवला आहे, कारण तो डबा घरात कोणी हलवीत नाही. इमारत पाडली गेली. आता तिथे निळे पत्रे आहेत आणि आत रानटी तेरडा वाढला आहे. माईंना तिथे पुन्हा खोली मिळेल का आणि केव्हा, याचे उत्तर आज कोणाच्याच भाषेत नाही.

छापखान्यातले गृहस्थ बदलापूरला गेले. मी त्यांच्यासाठी एका वकिलाकडे गेलो होतो. वकिलाने कागद पाहिला, रक्कम घेतल्याची पावती पाहिली, आणि 'आता अवघड आहे' एवढेच म्हटले. हे त्यांना सांगताना माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हते. ते शांतपणे म्हणाले, "तुमचं काही चुकलं नाही हो. तुम्ही सांगितलंत ना, घर सोडायचंय म्हणून. मी सोडलं." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरे झाले असते.

परवा, दिवाळीच्या आधी, ते आमच्याकडे आले. पिशवीत करंज्यांचा डबा होता. चहा झाल्यावर त्यांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला. नव्या ठिकाणच्या सोसायटीच्या फलकावरून त्यांनी तो मजकूर स्वतः, जुळाऱ्याच्या सुबक अक्षरात, कानामात्रा न चुकवता उतरवून आणला होता. 'याद्वारे सर्व सभासद व भोगवटादार यांना सूचित करण्यात येते की' असा तो सुरू होत होता.

"मास्तर," ते म्हणाले, "हे जरा मराठीत सांगा."

मी चष्मा पुसला, कागद उजेडाकडे धरला आणि म्हणालो, "थांबा. आधी जसं लिहिलंय तसंच वाचतो. तुम्ही प्रत्येक शब्दाला मला अडवा."

त्यांनी खुर्ची जवळ ओढली.